किती कापायचे ते नको, किती ठेवायचे ते सांगा

‘बाजूने बारीक, वर मीडियम.’ सलूनच्या खुर्चीत बसल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण एवढेच सांगतात आणि डोळे मिटून घेतात. वीस मिनिटांनी डोळे उघडले की आरशात भलतेच डोके दिसते. ‘मी असे सांगितलेच नव्हते,’ ही तक्रार वाचकांकडून वारंवार येते. कारागिराचे म्हणणे मात्र नेमके उलटे असते, की सांगितले तेच केले. बऱ्याचदा दोघेही खरेच बोलत असतात. तुमच्या मनातले ‘बारीक’ एक सेंटिमीटरचे असते आणि त्याच्या हातातले तीन मिलिमीटरचे.

हा लेख पुरुषांच्या आखूड केसांपुरता आहे, म्हणजे बाजूला मशीन आणि वर कैची चालते त्या नेहमीच्या कटिंगपुरता. कारागिराला काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि काम चालू असताना कशावर लक्ष ठेवायचे, एवढेच इथे पाहू.

माप उरणाऱ्या केसांचे

एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या सलूनमध्ये एका महिलेने खालून चार इंच केस कापायला सांगितले. ग्राहक आयोगापुढच्या तिच्या तक्रारीनुसार केस कापले ते असे, की डोक्यावर जेमतेम चार इंच उरले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याचे काय झाले ते शेवटी सांगतो. इथे लक्षात घ्यायचे ते हे, की ‘चार इंच’ हा आकडा दोन्ही बाजूंना माहीत असूनही परिणाम पूर्ण वेगळा झाला.

म्हणून पहिला नियम असा: किती कापायचे ते सांगू नका, किती ठेवायचे ते सांगा. ‘एक इंच कमी करा’ म्हटले तर सगळा हिशेब तुमचे केस आज किती वाढले आहेत त्यावर अवलंबून राहतो आणि डोक्यावर सगळीकडे केस सारखे वाढलेले नसतात. ‘वर दोन बोटे ठेवा’ म्हटले की असा घोळ होत नाही. महिन्याने गेलात काय किंवा तीन महिन्यांनी गेलात काय, उरणारे केस तेवढेच.

सांगण्याचा क्रमही ठरवून घ्या. आधी बाजू आणि मागचा भाग, मग उतार, मग वरचे केस, शेवटी कल्ले आणि मान. कारागीर बहुधा याच क्रमाने काम करतो, त्यामुळे तुमचे सांगणे त्याच्या डोक्यात नीट बसते.

बाजूला मशीन: नंबर आणि मिलिमीटर यांत गल्लत

सगळ्यात जास्त केस इथेच बिघडतात. केस कापायच्या मशीनवर प्लास्टिकचे गार्ड चढवतात आणि त्यावर आकडे असतात. काही मशीनवर हा आकडा गार्डचा क्रमांक असतो, तर काहींवर थेट मिलिमीटर असतात. दोन्ही पद्धती आपल्याकडच्या सलूनमध्ये सर्रास चालतात, कधी कधी एकाच दुकानात शेजारच्या दोन खुर्च्यांवरसुद्धा.

क्रमांकाच्या पद्धतीत दर क्रमांकाला साधारण तीन मिलिमीटर वाढतात. म्हणजे एक नंबर सुमारे ३ मिलिमीटर, दोन नंबर ६, तीन नंबर साडेनऊ ते दहा आणि चार नंबर जवळपास १३. आता तुम्ही ‘तीन नंबर मारा’ म्हणालात आणि कारागिराच्या मशीनवर मिलिमीटरचे आकडे असले, तर दहा मिलिमीटरच्या जागी तीन उरतात. दहा मिलिमीटरला बाजू व्यवस्थित काळीभोर दिसते, तीनला त्वचा दिसते. महिन्याला केस साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, हे धरले तर एवढी चूक भरून यायला अडीच-तीन आठवडे जातात.

यावर उपाय सोपा आहे. आकडा नेहमी मिलिमीटरमध्ये सांगा आणि मशीन लागण्यापूर्वी गार्ड बघायला मागा. काळ्या, दाट केसांवर कोणते माप कसे दिसते याचा ढोबळ अंदाज असा:

- ३ मिलिमीटर: त्वचा स्पष्ट दिसते. डोक्यावर जुनी खूण, खोक किंवा खळगा असेल तर तोही दिसतो.
- ६ मिलिमीटर: नीटनेटके आणि बारीक. त्वचेची किंचित झाक जाणवते. ऑफिसला जाणाऱ्या बहुतेकांच्या मनातले ‘बाजूने बारीक’ हेच असते.
- ९ ते १० मिलिमीटर: त्वचा दिसत नाही, केस मात्र डोक्याला धरून राहतात.
- १२ मिलिमीटर आणि वर: कैचीने कापल्यासारखे मऊ दिसते. मशीनचा भास नको असेल तर इथून सुरुवात करा.

केस विरळ किंवा पिकलेले असतील तर त्वचा लवकर दिसते. अशांनी वरच्या यादीतले एक माप पुढे जावे.

नवा कारागीर, नवे मशीन असेल तर मनात सहा असले तरी आधी नऊ लावायला सांगा. नऊचे सहा दोन मिनिटांत होतात, सहाचे नऊ व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. शिवाय तोच गार्ड केसांच्या वाढीच्या उलट दिशेने फिरवला तर केस अधिक आखूड कापले जातात आणि वाढीच्या दिशेने फिरवला तर थोडे लांब राहतात. त्यामुळे दोन दुकानांत तेच माप सांगूनही थोडा फरक पडतो. तो कारागिराचा दोष समजू नका.

उतार कुठून कुठपर्यंत

बाजूचे केस वरून खाली येताना हळूहळू आखूड होत जातात, तो उतार. यालाच हल्ली सगळे सरसकट ‘फेड’ म्हणतात, पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि तुम्हाला त्यांतला कोणता हवा हे आधी ठरवावे लागते. टेपरमध्ये केस खाली आखूड होतात, पण कानाजवळ आणि मानेवर केसांची कड शिल्लक राहते. फेडमध्ये ते कमी होत होत त्वचेत विरून जातात. कारागिराला एकच वाक्य सांगा: ‘खाली त्वचेपर्यंत उतरवा’ किंवा ‘खाली त्वचेपर्यंत उतरवू नका’. एवढ्याने अर्धा गोंधळ मिटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उताराची उंची. ‘लो’, ‘मिड’, ‘हाय’ हे शब्द सगळीकडे चालतात, पण प्रत्येकाच्या मनातली पातळी वेगळी असते. म्हणून बोट ठेवून दाखवा. कानाच्या वर एक बोट जागा सोडून तिथपर्यंत उतार संपला तर तो लो. कानशिलापर्यंत, साधारण भुवईच्या टोकाच्या रेषेत गेला तर मिड. कपाळाच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे डोके वळते तिथपर्यंत चढला तर हाय. उतार जितका वर, तितका चेहरा लांब दिसतो आणि डोक्याचा आकार उघडा पडतो. ज्यांचे डोके मागून चपटे आहे त्यांनी हाय टाळावा, कारण मागे भर देणारे केसच निघून जातात.

फेड किती दिवस टिकतो, याचा हिशेब आधीच करा. महिन्याला एक सेंटिमीटर वाढ धरली तर दहा दिवसांत तीन मिलिमीटर केस येतात. त्वचेपर्यंत उतरवलेली जागा दहाव्या दिवशी तीन मिलिमीटरची झालेली असते आणि उतार ओळखू येत नाही. म्हणजे फेड नीट ठेवायचा तर दर दोन आठवड्यांनी सलून गाठावे लागते. टेपर चार आठवडे सहज निभावतो. महिन्यातून एकदाच जाणाऱ्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: फेड घेऊ नका, खाली ३ किंवा ६ मिलिमीटर ठेवून टेपर घ्या. पहिल्या दिवशी तो थोडा कमी उठावदार वाटेल, पण तिसऱ्या आठवड्यातही नीट दिसेल.

वरचे केस: बोटांचे माप

वर कैची चालते, तेव्हा बोटांचे माप कामाला येते. कारागीर केसांची बट दोन बोटांत धरूनच कापतो, त्यामुळे ही भाषा त्याला लगेच कळते. एक बोट रुंदी म्हणजे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर. पुढे, टाळूवर आणि मागे भोवऱ्यापाशी सारखीच लांबी हवी की वेगवेगळी, हे सांगा. ‘वर मीडियम’ म्हणून सोडून दिले तर तो पुढून मागे सगळीकडे एकच माप घेण्याची शक्यता असते.

काही मापे मनात असू द्या. भांग पाडायचा असेल तर पुढे किमान पाच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन बोटे केस हवेत. त्यापेक्षा आखूड केस भांगावर वळत नाहीत, उभे राहतात. जाड, सरळ केस दोन बोटांच्या आत कापले तर ते ताठच राहतात. तसेच हवे असतील तर हरकत नाही, पण बसलेले हवे असतील तर वाढवावे लागतील.

भोवऱ्याचा विचार स्वतंत्र करा. भोवऱ्यावरचे केस गोल फिरून उगवतात आणि मधल्याच लांबीला कापले की शेंडीसारखे उभे राहतात. त्याला दोनच मार्ग आहेत: एक तर तिथे बाजूइतकेच बारीक करायचे, नाहीतर स्वतःच्या वजनाने खाली बसतील इतके लांब, तीन बोटांच्या आसपास ठेवायचे. दोन भोवरे असतील तर कारागिराला बसताक्षणीच सांगा. केस ओले केल्यावर ते त्याच्या नजरेतून सुटतात.

वरचे केस आणि बाजूचे केस एकमेकांना जोडायचे की तोडायचे, हाही प्रश्न तो विचारेल, किंवा न विचारता स्वतःच ठरवेल. जोडले तर बाजूपासून टाळूपर्यंत लांबी हळूहळू वाढत जाते. तोडले तर लांब केस बारीक बाजूवर छपरासारखे पडतात. ऑफिस, मुलाखत, लग्नकार्य यांसाठी ‘जोडून घ्या’ हे सांगणे सुरक्षित.

दाटपणा आणि पोत

लांबी बरोबर असूनही केस बिघडलेले वाटतात, तेव्हा बहुधा घोळ इथे असतो. डोके जड वाटते, केसांचा टोप घातल्यासारखे दिसते, म्हणून कारागीर दातेरी कैची घेतो. त्याला थिनिंग म्हणतात. या कैचीने काही केस कापले जातात, काही तसेच राहतात आणि दाटपणा कमी होतो. दाट केसांना हे उपयोगी आहे, पण टोकांकडे. मुळाजवळ थिनिंग केले तर आठवड्याभराने ते आखूड केस वाढून बाकीच्यांना खालून ढकलतात आणि केस फुगतात. म्हणून ‘थिनिंग करा’ एवढेच न म्हणता ‘फक्त टोकांना करा’ असे सांगा.

केस विरळ असतील किंवा टाळूवर त्वचा दिसू लागली असेल तर ‘थिनिंग अजिबात नको’ हे स्पष्ट सांगायला हवे. अनेक ठिकाणी ती कैची शेवटी सवयीने फिरवली जाते. विरळ केसांची टोके सरळ, एका रेषेत कापली तर ते जरा दाट दिसतात.

कुरळ्या केसांचा हिशेब वेगळा. ओले असताना ते ताणले जातात आणि लांब दिसतात, वाळल्यावर वर चढतात. ओल्या केसांवर दोन बोटे मोजली तर वाळल्यावर एकच उरल्यासारखे वाटते. म्हणून कोरडे असतानाच लांबी दाखवा आणि ओल्यावर कापणार असतील तर एक बोट जास्त ठेवायला सांगा. कुरळ्या केसांवर वस्तऱ्याने टोके तासणेही टाळा, टोके झिरमिळतात.

टोके कशी हवीत, तेही दोन शब्दांत सांगता येते. ‘टोके सरळ’ म्हटले तर कडा ठसठशीत येतात. ‘टोके मोडून’ म्हटले तर कारागीर कैची उभी धरून थोडे थोडे टोचत कापतो आणि केस मोकळे, थोडे विस्कटलेले दिसतात. मेण किंवा जेल न लावणाऱ्यांना दुसरा प्रकार बरा पडतो.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, तुमचे केस दाट आणि सरळ आहेत, शेवटची कटिंग होऊन दोन महिने झालेत, उजवीकडे भोवरा आहे, भांग डावीकडे पडतो आणि पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत आहे. महिन्यातून एकदाच सलूनला जायचे आहे. मग कारागिराशी बोलणे असे होईल:

‘दादा, बाजूला आणि मागे सहा मिलिमीटर. पण आधी नऊ लावून बघू.’

‘फेड करू का, साहेब?’

‘नको, त्वचेपर्यंत उतरवू नका. कानावर एक बोटापर्यंतच उतार, खाली तीन मिलिमीटर. बाजू आणि वरचे केस जोडून घ्या. पुढे तीन बोटे ठेवा, भांग डावीकडे. भोवऱ्यावर कमी करू नका, तिथेही तीन बोटे. थिनिंग फक्त टोकांना.’

‘आणि कल्ले?’

‘कानाच्या मध्यापर्यंत. मान गोल नको, आहे त्या रेषेवरच साफ करा.’

हे बोलायला मिनिटभर लागतो. मुंबई-पुण्यात खुर्चीमागचा कारागीर हिंदी बोलणारा असेल तर हेच असे सांगा: ‘साइड में छह एमएम, पहले नौ लगाओ. स्किन तक मत उतारना. ऊपर तीन उंगली रखना, भँवर पर छोटा मत करना.’

इथे प्रत्येक माप कशासाठी आहे ते पाहा. उतार कानाजवळच संपतो, कारण महिनाभर पुन्हा जायचे नाही. पुढची तीन बोटे भांगासाठी, भोवऱ्यावरची तीन बोटे केस बसावेत म्हणून. आणि हे सगळे मुलाखतीच्या आदल्या दिवशी न करता चार-पाच दिवस आधी करा. ताज्या कापलेल्या कडा तेवढ्यात जरा मऊ होतात आणि काही राहिले असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

कल्ले आणि मान

कल्ल्यांची उंची कानाच्या आधाराने सांगा: वरच्या टोकाशी, मध्यापर्यंत की पाळीपर्यंत. दाढी असेल तर कल्ले दाढीत मिसळायचे आहेत हे आधीच सांगा, नाहीतर मधेच तुटक रेघ येते.

मानेवर कारागीर रेषा वर चढवतो, तेव्हा थांबवा. नैसर्गिक रेषेच्या वर वस्तरा फिरवला की तीन-चार दिवसांत तिथे खुंट दिसू लागतात.

फोटो न्या, पण बोलाही

एकाच फोटोवर भागत नाही. पुढून, बाजूने आणि मागून असे तीन असतील तर उत्तम. नटाच्या फोटोपेक्षा तुमचाच जुना, केस छान झाले होते तेव्हाचा फोटो शंभर पटींनी उपयोगी, कारण त्यात केसांची जात आणि डोक्याचा आकार तुमचाच असतो. दुसऱ्याचा दाखवणार असाल तर केस तुमच्यासारखे सरळ, कुरळे किंवा विरळ असलेल्या माणसाचा निवडा आणि ‘यातली फक्त बाजू हवी’ असे नेमके बोट ठेवा. फोटोतले केस बहुधा ड्रायर आणि जेलने बसवलेले असतात, रोज सकाळी तुम्ही तेवढा वेळ देणार आहात का, हेही स्वतःला विचारा.

काम चालू असताना

पहिला पट्टा मारून झाला की आरशात बघा. तो कानामागे मारायला सांगितला तर आणखी चांगले, चुकला तरी फारसा दिसत नाही. चष्मा काढून ठेवणाऱ्यांनी या वेळी तो मुद्दाम डोळ्यांवर लावावा.

शेवटी मागचा आरसा धरायला सांगा आणि मान दोन्ही बाजूंना हळूहळू वळवा. बाजूला कुठे आडवी रेघ किंवा पट्टा दिसला तर उतार नीट मिसळलेला नाही, तो तिथेच दुरुस्त होतो. मग केस पूर्ण कोरडे करून, नेहमीसारखा भांग पाडून बघा. ओल्या किंवा जेल लावलेल्या केसांवर ‘छान झाले’ म्हणू नका.

तुमचे हक्क

- नवे ब्लेड: वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ब्लेड हवे आणि पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगणे हा तुमचा हक्क आहे. वापरलेल्या ब्लेडवरच्या रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी यांसारखे आजार पसरू शकतात.
- दर आधी: कटिंग, दाढी, मालिश, केस धुणे यांचे पैसे बसण्यापूर्वी विचारा. न मागितलेल्या कामाचे पैसे देण्यास नकार देता येतो.
- मान मोडणे नको: मालिशच्या शेवटी मान झटक्याने मोडतात, त्याला नकार द्या. मानेतल्या रक्तवाहिन्या आणि नसा यांना इजा होऊ शकते.
- तक्रार: पैसे देऊन केलेली कटिंग ही ग्राहक कायद्याखाली सेवा आहे. आधी दुकानदाराकडेच दुरुस्ती मागा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती आणि त्याच दिवशी काढलेले फोटो जपून ठेवा.

दिल्लीच्या त्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये दोन कोटी रुपयांची भरपाई दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत कसूर झाल्याच्या निष्कर्षात हात घातला नाही, पण एवढ्या रकमेला पुरावा हवा म्हणून भरपाईचा आदेश रद्द करून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. म्हणजे चूक सिद्ध झाली तरी नुकसान कागदावर दाखवावे लागते.

मोबाइलमध्ये एक ओळ

कटिंग मनासारखी झाली की दुकानातून निघण्यापूर्वी कारागिराला कोणती मापे वापरली ते विचारा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. उदाहरणार्थ: ‘बाजू ६, खाली ३, उतार कानावर एक बोट, वर तीन बोटे, थिनिंग टोकांना.’ सोबत पुढून, बाजूने आणि मागून तीन फोटो काढा. आठवड्याभराने आणखी एक फोटो काढा, कारण केस नीट बसल्यावर कसे दिसतात ते तेव्हाच कळते. गाव बदलले, कारागीर बदलला, तरी पुढच्या खुर्चीत बसताना हीच ओळ वाचून दाखवा.